ऑनलाइन कुर्ती विक्री: अडकलेलं भांडवल, किंमत आणि रिटर्न यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न घरातून किंवा छोट्या गाळ्यातून कुर्त्या विकणाऱ्यांकडून सतत येतात. माल सुरत, जयपूर किंवा उल्हासनगरच्या होलसेलरकडून घ्यायचा, मोठ्या ॲपवर टाकायचा, थोडं इन्स्टाग्रामवरही विकायचं, असा हा व्यवसाय. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: २६० रुपयांना (अधिक ५ टक्के जीएसटी) घेतलेली आणि सगळे कर धरून ५९९ ला विकलेली सुती कुर्ती. फीचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या ॲपचे दर वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

१. आरटीओ आणि रिटर्न एकच ना? शेवटी माल परतच येतो.

माल दोन्हीकडे परत येतो, पण खर्च वेगळा पडतो. पार्सल ग्राहकाच्या हातात न पडता माघारी आलं की तो आरटीओ. कारणं नेहमीची: पत्ता सापडला नाही, फोन उचलला नाही, दारातच नको म्हणाले. पिशवी बहुधा न फोडलेली असते, त्यामुळे माल पुन्हा विकता येतो. रिटर्न म्हणजे ग्राहकाने पार्सल उघडलं, कुर्ती घालून पाहिली आणि मग परत केली. यात पावडरचा डाग, अत्तराचा वास, तुटलेला टॅग हे सगळं येतं. बरीच ॲप आरटीओचं भाडं विक्रेत्याकडून घेत नाहीत, रिटर्नचं मात्र घेतात. दोन्ही एकाच रकान्यात लिहिले तर पैसे नेमके कुठे जातात ते कधीच कळणार नाही.

२. २६० ची कुर्ती ५९९ ला जाते. मग महिनाअखेरीस हातात काही उरत का नाही?

कारण बहुतेक जण विकल्या गेलेल्या एका कुर्तीचा हिशेब करतात. तो असा दिसतो: ५९९ मधून ५ टक्के जीएसटी काढला की ५७० उरतात. खरेदी २६०, पॅकिंग १२, ॲपचं कमिशन, पाठवणी आणि इतर फी मिळून १४०, जाहिरात ३०. उरले १२८. चांगलं वाटतं.

आता शंभर पार्सलं पाठवा. समजा त्यातली १२ आरटीओ झाली, १८ रिटर्न आली आणि ७० ग्राहकांनी ठेवून घेतली. पैसे फक्त या ७० चे मिळतात. त्यांतून खरेदी आणि ॲपची फी वजा केली की ११,९०० रुपये राहतात. पण जाहिरात आणि पॅकिंग शंभरच्या शंभर पार्सलांवर झालं आहे: ३,००० आणि १,२००. अठरा रिटर्नचं भाडं प्रत्येकी १५० धरलं तर २,७००. परत आलेल्या ३० कुर्त्यांपैकी ३ पूर्ण वाया गेल्या, म्हणजे ७८०. सहा कुर्त्या किरकोळ डागामुळे तोट्यात काढाव्या लागल्या. प्रत्येकी ८० प्रमाणे ४८०. उरलेल्या २१ ना इस्त्री आणि नवी पिशवी, १० रुपये प्रत्येकी, म्हणजे २१०.

उरतात ३,५३०. ठेवून घेतलेल्या प्रत्येक कुर्तीमागे १२८ नाही, जेमतेम ५०.

यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा अजून पुढेच आहे. ठेवली गेली असती अशी एक कुर्ती रिटर्न आली, तर तिच्यावर सुटणारे १७० जातात, भाड्याचे १५० जातात आणि मालाची घट सरासरी ४९. एकूण ३६९. म्हणजे शंभरात १८ ऐवजी २८ रिटर्न आले की अख्ख्या शंभर पार्सलांचा नफा संपला. कमिशन अर्धा टक्का कमी करून घेण्यापेक्षा दोन रिटर्न वाचवण्यात जास्त पैसा आहे तो यामुळेच. ते कसे वाचवायचे ते प्रश्न ७ मध्ये.

३. मग किंमत ठरवायची कशी? खरेदीच्या दुप्पट लावली तर चालेल का?

दुप्पट हा दुकानदारीतला ठोकताळा आहे. तिथे माल परत येत नाही. इथे खालून वर मोजायचं.

वरच्या हिशेबात न टिकलेल्या विक्रीचा, पॅकिंगचा आणि जाहिरातीचा मिळून खर्च ८,३७० झाला. तो ७० कुर्त्यांवर वाटला की प्रत्येकीवर सुमारे १२० चा बोजा पडतो. आता खरेदी २६०, ॲपची फी १४०, बोजा १२० आणि तुम्हाला हवा असलेला नफा ५०, एकूण ५७०. त्याला १.०५ ने गुणलं की ५९९. नफा ८० हवा असेल तर ६०० गुणिले १.०५, म्हणजे ६३०. कमिशन टक्क्यांत असेल तर किंमत वाढल्यावर तेही थोडं वाढेल, ते पुन्हा एकदा मोजून घ्या.

नव्या डिझाइनचा बोजा माहीत नसतो. निदान पन्नास पार्सलांचा निकाल लागेपर्यंत शंभरात ३० परत येतील असंच धरा. पहिल्या आठवड्यात एकही रिटर्न आलं नाही म्हणून किंमत उतरवू नका. त्या आठवड्याची पार्सलं बहुधा अजून रस्त्यातच असतात.

४. सेलमध्ये फक्त ५० रुपये कमी करायला सांगतात. काय बिघडतं?

५४९ मधून कर काढला की ५२३ राहतात, म्हणजे कुर्तीमागे ४७ ते ४८ रुपये गेले. सत्तर कुर्त्यांचे सुमारे ३,३००. नफा होता ३,५३०. टक्क्यातलं कमिशन थोडं कमी होईल एवढाच काय तो आधार.

सेलमध्ये उतरायचंच असेल तर काही साईज संपून तुटलेल्या सेटचा माल घाला (प्रश्न ६). जो माल एरवीही खपतोय तो सेलमध्ये घालणं म्हणजे स्वतःच्याच ग्राहकाला पैसे परत देणं.

५. माल संपत आला, पण पुढच्या ऑर्डरला पैसे नाहीत. विक्री तर चालू आहे! हे काय गौडबंगाल?

एक खेप दिवसांत मांडून पाहा. १२ सेट, म्हणजे ४८ कुर्त्या, जीएसटीसह १३,१०४ रुपये. होलसेलरला पहिल्या दिवशीच पैसे दिले. ट्रान्सपोर्टने माल यायला सहा दिवस, फोटो आणि लिस्टिंगला चार. दहाव्या दिवसापासून रोज दोन पार्सलं जातात.

पंचविसाव्या दिवशी ३२ पार्सलं गेलेली असतात आणि १६ कुर्त्या शिल्लक असतात. आठ दिवसांचा माल. ट्रान्सपोर्टला सहा दिवस लागतात, तेव्हा ऑर्डर आजच द्यायला हवी. पण ॲपकडून पैसे कितीचे आले? पार्सल पोचायला पाच दिवस आणि पुढे पैसे जमा व्हायला आठवडा धरला, तर फक्त पहिल्या आठ पार्सलांचे. फी, जाहिरात, रिटर्नचं भाडं, त्यांवरचा १८ टक्के जीएसटी आणि ॲप आधीच कापतं तो टीसीएस-टीडीएस कर वजा जाऊन पाठवलेल्या पार्सलामागे सरासरी २३४ रुपये हातात येतात. आठ पार्सलांचे होतात १,९०० च्या आसपास. तुम्ही १३,००० गुंतवलेत, माल धडाक्यात जातोय आणि खात्यात आहेत १,९००.

म्हणून हा व्यवसाय एका खेपेच्या भांडवलावर चालत नाही, पावणेदोन ते दोन खेपांचं लागतं. ते नसेल तर पहिली खेपच लहान घ्या.

दुसरी खेप मात्र पुन्हा १२ सेटची घ्यायची नाही. पाठवलेल्या ४८ पैकी साधारण १४ परत येणार आणि त्यातल्या १० पुन्हा पूर्ण किमतीला विकण्यासारख्या असणार. त्या धरल्या तर ९ सेट पुरतात. तेवढ्यानेच ३,२७६ रुपये मोकळे राहिले. ऑर्डरी मोजून माल भरणाऱ्यांच्या कपाटात दोन महिन्यांनी जो ढीग दिसतो, तो या न मोजलेल्या परतीच्या मालाचा असतो.

६. होलसेलर सेटच देतो. एल, एक्सएल जातात. एम आणि डबल एक्सएल पडून राहतात. काय करावं?

प्रत्येक साईजचा एक असा चार नगांचा सेट घेतला आणि मागणी सारखी नसली, की प्रत्येक खेपेला कडेच्या साईज साचतात. चार सेटमध्ये एम चे तीन पीस राहिले तर ७८० रुपये तिथे गाडले गेले, आणि त्या डिझाइनचा नफाही बहुतेक तेवढाच होता.

पहिला उपाय: पुनर्ऑर्डरच्या वेळी होलसेलरला सुट्या साईज मागा. नगाला दहा-पंधरा रुपये जास्त सांगेल. द्या. पडून राहणाऱ्या कुर्तीपेक्षा ते स्वस्त पडतात. दुसरा: ज्या डिझाइनच्या एल आणि एक्सएल संपल्या आणि पुन्हा मागवायच्या नाहीत, तिची जाहिरात त्याच दिवशी बंद करा. नाहीतर लोक येतात, साईज नाही बघून जातात आणि क्लिकचे पैसे तुमचे कापले जातात.

तिसरा उपाय जड जातो, पण करावा लागतो. साठ दिवसांत न गेलेली कुर्ती खरेदीच्या भावाला काढा, नव्वद दिवसांनी त्याच्याही खाली. २६० ची कुर्ती २०० ला गेली तर ६० बुडाले. पण ते २०० चालत्या डिझाइनमध्ये घातले तर दीड-दोन महिन्यांत एकदा फिरून येतात. हा माल ऑनलाइन काढण्याचा आग्रहही नको. सोसायटीतल्या प्रदर्शनात किंवा आठवडी बाजारात टेबल लावलं तर रिटर्न नाही, भाडं नाही आणि रोख मिळते.

७. सगळ्यात जास्त रिटर्न ‘साईज बरोबर नाही’ म्हणून येतात. ग्राहकच चुकीची साईज मागवतात का?

काही मागवतात. पण बहुतेक वेळा चूक तक्त्यात असते. कुर्ती जमिनीवर सपाट अंथरा, बगलेखालून एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत टेप लावा आणि आकडा दुप्पट करा. साडेवीस इंच आले तर कुर्तीची छाती ४१. तुमच्या तक्त्यात एल समोर ‘४०’ लिहिलंय, ते काय आहे? अंगाचं माप की कपड्याचं? अंगावर ४० माप असलेल्या बाईला ४१ ची कुर्ती हात वर करताना अडकते. दोनेक इंच सैल लागते. तक्त्यावर ‘कपड्याचं माप’ असं स्पष्ट लिहा आणि खाली एक ओळ टाका: तुमच्या मापापेक्षा दोन इंच मोठी घ्या.

दुसरं कारण कटिंगचं. कारखान्यात कापडाचे थर एकावर एक रचून कापतात, त्यात खेपेगणिक एक इंचाचा फरक सहज पडतो. टॅग एलचाच असतो. म्हणून खेप आली की प्रत्येक साईजचे दोन-तीन पीस मोजा. मोजमाप हललं असेल तर तक्ता बदला किंवा माल परत करा. होलसेलर खेप परत घेतो ती पहिल्या दोन-चार दिवसांत. महिन्याने फोन केलात तर ओळखही दाखवणार नाही. सुती कापड धुतल्यावर आटतं, तेही एक पीस धुऊन बघायला हवं.

८. कुरिअरचं वजन ३०० ग्रॅम, तरी एक किलोच्या हिशेबाने पैसे कापले. तक्रार करावी का?

आधी पिशवी मोजा. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंचीचे सेंटिमीटर गुणून सामान्यतः ५,००० ने भागायचं. कुर्ती सैल घडी घालून ३० × २५ × ५ च्या पाकिटात भरली तर पाऊण किलो होतं, आणि ते अर्धा किलोच्या टप्प्यातून एक किलोच्या टप्प्यात जातं. तीच कुर्ती हवा काढून, घट्ट घडीने २८ × २२ × ३ मध्ये बसवली तर ३७० ग्रॅम.

पाकीट खरंच लहान असेल तर जरूर भांडा. त्यासाठी वजनकाट्यावर ठेवलेल्या पार्सलाचा, बाजूला टेप लावलेला आणि लेबल वाचता येणारा फोटो लागतो. प्रत्येक पाकिटाच्या मापाचा असा एक संच काढून ठेवला की झालं.

९. रिटर्नमध्ये दुसराच जुना कपडा आला. क्लेम केला, नाकारला. पुरावा कसा द्यायचा?

व्हिडिओ एकसंध हवा, मध्ये कट नको. बंद पार्सलावरचा बारकोड आणि क्रमांक आधी नीट दिसू द्या, मग पिशवीच्या सहाही बाजू, मग कात्री. कपडा बाहेर काढून टॅग, आतलं लेबल आणि मागची बाजू दाखवा. क्लेम बहुतेक नाकारले जातात ते सुरुवातीला लेबल न दिसल्यामुळे किंवा मुदत उलटल्यामुळे. मुदत मोजक्या दिवसांची असते, म्हणून रिटर्नची पिशवी कोपऱ्यात टाकून रविवारची वाट पाहू नका. आली त्या दिवशी उघडा.

पाठवताना टॅग गळ्याच्या आत नको. पुढच्या बटणपट्टीवर, घातल्यावर दिसेल असा लावा. एक दिवस घालून परत करणारे त्यामुळे थोडे कमी होतात.

१०. वहीत नफा दिसतो, पण जीएसटीच्या क्रेडिटमध्ये रक्कम साचत चालली आहे. ती कधी मिळणार?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, पण विचारायला सगळ्यांनी हवा. क्रेडिट म्हणजे खरेदी आणि खर्चावर तुम्ही भरलेला जीएसटी, जो गोळा केलेल्या करातून वजा होतो. कुर्तीवर तुम्ही ५ टक्के कर गोळा करता; कमिशन, भाडं आणि जाहिरातीवर मात्र १८ टक्के भरता. प्रश्न २ मधल्या शंभर पार्सलांत ७० कुर्त्यांवरचा कर सुमारे २,००० झाला. मालावरचं क्रेडिट ९१०. फी ९,८००, जाहिरात ३,००० आणि रिटर्नचं भाडं २,७०० यांवरचा १८ टक्के कर २,७९०. एकूण क्रेडिट ३,७००. देणं शून्य, आणि १,७०० क्रेडिट लेजरमध्ये पडून.

म्हणजे ३,५३० चा जो नफा आपण काढला, त्यातला जवळजवळ अर्धा सरकारी खात्यातला आकडा आहे. तो परत मागता येईल का? नाही. दरातल्या तफावतीमुळे मिळणारा परतावा मालावरच्या करापुरता आहे, सेवांवरच्या कराला तो लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हा नियम कायम ठेवला.

क्रेडिट बुडत नाही, पुढच्या देण्यात वापरता येतं. पण ते वर्षभर वाढतच असेल तर फसवून घेऊ नका: ती वाढ खर्चात धरा आणि प्रश्न ३ ची किंमत पुन्हा काढा. रिटर्न आणि जाहिरात कमी केली की ही साठवणही आपोआप कमी होते.

११. पेमेंटमधून टीसीएस आणि टीडीएस कापतात. हा पैसा गेला का?

गेला नाही, पण मागावा लागतो. जीएसटीचा टीसीएस १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे. पोर्टलवर दर महिन्याला तो स्वीकारला की तुमच्या रोख लेजरमध्ये येतो. क्रेडिट लेजरशी त्याचा संबंध नाही, आणि इथे शिल्लक राहिली तर परतावाही मागता येतो. आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के, तो विवरणपत्रात वळता होतो.

१२. हिशेब ठेवायला सोपी पद्धत कोणती?

एक शीट पुरते. प्रत्येक पार्सलाला एक ओळ: पाठवल्याची तारीख, कोड, निकाल (ठेवली, आरटीओ, रिटर्न), कारण, ॲपकडून आलेली किंवा कापलेली रक्कम. कोडमध्ये डिझाइन आणि साईज दोन्ही हवेत. रक्कम E रकान्यात आणि कोड B मध्ये असेल तर एका साईजची निव्वळ आवक अशी निघते:

```
=SUMIFS(E:E,B:B,"KR114-XL")
```

एक खबरदारी घ्या. रिटर्नचं प्रमाण ‘या महिन्यात आलेले रिटर्न भागिले या महिन्यातल्या ऑर्डरी’ असं काढू नका. रिटर्न दोन-तीन आठवडे उशिरा येतात. विक्री वाढत असताना प्रमाण खोटं कमी दिसतं आणि दिवाळीनंतर विक्री उतरली की एकदम भयंकर दिसतं. ज्या आठवड्यात पार्सल पाठवलं त्या आठवड्याच्या नावावर त्याचा निकाल लिहा. महिनाभरानंतर तो आकडा हलत नाही, तोच खरा.

१३. जीएसटी नंबर नाही. ॲपवर विकता येईल का, आणि परवडेल का?

१ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेतल्या, नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन ॲपवर माल विकता येतो, पण फक्त आपल्याच राज्यात. महाराष्ट्रातून विकत असाल तर ग्राहक महाराष्ट्रातलाच हवा.

एका कुर्तीवर फरक मात्र वाटतो तेवढा नाही. ५९९ पूर्ण तुमचे, पण खरेदी २७३, फी करासह १६५, जाहिरात ३५ आणि पॅकिंग १२. उरतात ११३-११४, नोंदणीवाल्याच्या १२८ च्या समोर. आणि प्रश्न १० मधली अडकलेली रक्कम इथे नाही. तेव्हा निर्णय करावर घेऊ नका, तुमचा किती माल राज्याबाहेर जातो त्यावर घ्या.

१४. इन्स्टाग्रामवर घरपोच रोख बंद करावी का?

इथे आरटीओचं दोन्हीकडचं भाडं तुमचंच. जाताना ७०, येताना ६० आणि वाया गेलेली पिशवी धरून १४० म्हणू. रोखीच्या शंभर पार्सलांपैकी २० माघारी आली तर २,८०० गेले. म्हणजे प्रत्येक रोख पार्सलामागे २८. त्यामुळे आधी पैसे भरणाऱ्याला २० रुपये सूट दिली तरी तुम्ही नफ्यात. एकदम बंद केली तर ऑर्डरी तुटतात. मधला मार्ग म्हणजे १०० रुपये आगाऊ, बाकी दारात. ज्यांना खरंच हवी असते ते शंभर रुपयांना नाही म्हणत नाहीत.

१५. भारी कुर्ती सेटची किंमत थोडी वाढवली आणि विक्रीच थांबली. कर बदलतो का?

हो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची करापूर्वीची किंमत २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, वर गेली की १८. करापूर्वी २,४९० चा सेट ग्राहकाला २,६१५ ला पडतो. तुम्ही २० रुपये वाढवून २,५१० केलेत की तोच २,९६२. हातात वीस आले, ग्राहकाचे ३४७ वाढले. या सीमेच्या जवळ एकतर खालीच राहा, नाहीतर दुपट्टा किंवा अस्तर वाढवून सरळ बऱ्याच वर जा.

१६. पूर्ण खराब झालेल्या कुर्त्या फेकल्या, एक भाचीला दिली. त्यांच्या खरेदीवरचं क्रेडिट राहतं का?

नाही. नष्ट झालेल्या, हरवलेल्या, हिशेबातून काढून टाकलेल्या किंवा भेट दिलेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं, कुर्तीमागे १३ रुपये. तीच कुर्ती ‘डाग आहे’ असं सांगून १०० ला विकली तर क्रेडिट शाबूत राहतं आणि कर फक्त विकलेल्या किमतीवर लागतो. म्हणून डागाळलेला माल फेकण्याआधी पुसायच्या फडक्यांसाठी घेणाऱ्याला किलोवर दिला तरी चालेल, फक्त बिल फाडा.